व्याह्यांचा स्पॉट

कारखान्यात सगळे गाडी जोडतात. छिन्नीकाका एकटे ती तोडायला बघतात.

प्रेस शॉपमधून दाबून आकार दिलेले पत्रे येतात: दार, छप्पर, फरशी. वेल्ड शॉपमध्ये रोबोच्या गन दोन पत्रे तांब्याच्या टिपांमध्ये चिमटतात, क्षणभर जबर करंट सोडतात, की पत्रे आतून वितळून एक होतात. तो झाला स्पॉट. एका बॉडीला असे हजारो स्पॉट. मग पेंट शॉप. मधल्या जागेत काका उभे. दर दोन तासांनी एक बॉडी घ्यायची, स्पॉटशेजारी दोन पत्र्यांत छिन्नी सारायची आणि हातोडीचा ठोका द्यायचा. स्पॉट धरून राहिला तर पत्रा परत बसवायचा आणि बॉडी सोडायची.

तीस वर्षं हे करून माणसाला सवय लागते. काकू नवी खुर्ची घरात आणण्याआधी विचारतात, "अहो, आज हात शिवशिवत नाहीत ना?"

काकांच्या मुलीचं स्थळ कारखान्यातच जमलं. तिचे सासरे म्हणजे वेल्ड शॉपचे इनचार्ज. लग्नानंतर काका वेल्डच्या बॉडीला छिन्नी लावताना आधी हळूच म्हणू लागले, "माफ करा हं." बॉडीलाच. पण व्याही ऐकत असायचे.

त्या दिवशी सात वाजताची बॉडी ठीक निघाली. नऊच्या बॉडीला मागच्या दाराच्या खांबाशी काकांनी ठोका दिला आणि पत्रा सुटला. फाटला नाही, ओरखडला नाही. लिफाफ्यावरचं तिकीट सुटावं तसा सुटला. शेजारचे पाच स्पॉटही तसेच. सहाही एकाच गनचे.

काका खाली बसले. अकराला मोठे साहेब वेल्ड शॉपला ढाल द्यायला येणार होते. वर्षभर एकही तक्रार नाही म्हणून. व्याही नव्या शर्टात फिरत होते.

"व्याहीबुवा, जरा इकडे येता?"

व्याह्यांनी सुटलेला पत्रा पाहिला. "जोरात मारलंत तुम्ही."

"रोज मारतो तेवढंच."

"मुलीच्या बापानं जरा हळू मारावं." ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "अकरानंतर बघू या की. दोन तासांनी काय आभाळ कोसळतंय?"

"सातपासून अडतीस बॉड्या गेल्यात. पहिल्या पाच पेंट शॉपच्या दारात आहेत. एकदा टाकीत बुडाल्या आणि रंग चढला, की रंगातून वीज जाणार नाही. मग तुमची गन काय करणार?"

"मला गन शिकवताय?"

"नाही हो."

"तुमची विहीण विचारेल आज घरी. काय सांगू तिला? सूनबाईच्या बाबांनी ढाल घालवली म्हणून?"

काकांच्या डोळ्यांपुढे मुलीचं स्वयंपाकघर आलं. चेहरा पाडून वाढणारी विहीण आली. मग त्यांना त्या मागच्या दाराशी बसणारं कुणाचं तरी पोर दिसलं. ते उठले, "माफ करा हं," म्हणाले आणि लाल बटण दाबलं.

लाइन थांबली. एवढी शांतता, की दूरचा पंखाही ऐकू यायला लागला. व्याही गनपाशी गेले आणि हातात टिप घेऊन परतले. टोकदार असायला हवी ती, खिळा ठोकून ठोकून चपटा व्हावा तशी पसरली होती. टिप तासणाऱ्या यंत्राचं पातं तुटलं होतं. यंत्र नुसतंच फिरत होतं आणि तासली तासली म्हणून नोंद करत होतं. टिप पसरल्यावर उष्णताही पसरली. पत्रे तापले, वितळले नाहीत.

"माझ्याच लाइनवर," व्याही म्हणाले. मग हात पुढे केला. "छिन्नी द्या एक."

दोघं अडतीस बॉड्यांना भिडले. पहिल्या तीस निर्दोष निघाल्या. पुढच्या आठमध्ये तिथलेच स्पॉट सुटले. नवी टिप लावून ते पुन्हा मारले. व्याह्यांचा शर्ट ग्रीसनं माखला, पण अंगात काहीतरी संचारलं होतं. शेवटच्या बॉडीला त्यांनी नवा स्पॉट तपासला. तो घट्ट होता. त्यांनी पुन्हा ठोका दिला.

"सोडा आता. चांगला आहे."

"खात्री करतो."

"झाली खात्री."

"तुम्ही गप्प बसा हो." आणि असा दणका दिला, की स्पॉट जागेवर राहिला आणि बाजूचा पत्रा टर्रकन फाटला.

दोघंही त्या भोकाकडे पाहत राहिले. तेवढ्यात साहेब आले, हातात ढाल नव्हती. त्यांनी भोक पाहिलं आणि नुकसानीच्या नोंदीचा कागद पुढे केला. "पत्रा कुणी फाडला?"

व्याह्यांनी हातोडी पाठीमागे नेली. काकांनी पेन घेतलं आणि स्वतःचं नाव लिहिलं.

"काका, तीस वर्षांत तुमच्या हातून कधी फाटला नाही," साहेब म्हणाले.

"वय झालं, साहेब."

साहेब गेले. व्याही बराच वेळ हातोडी पुसत राहिले.

"संध्याकाळी विहीणबाईंना घेऊन घरी या," ते म्हणाले. "आणि पत्रा खरा कुणी फाडला ते आमच्या हिला सांगू नका. सूनबाईच्या बाबांना मान असतो आमच्याकडे."