वीस सेकंद आणि उंबरठा

'स्वतःबद्दल थोडक्यात सांगा' असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. थोडक्यात काय सांगायचं? अलिबागजवळच्या आमच्या नागावात बाईनं नुसतं नाव सांगितलं तर ती काहीतरी लपवतेय असं वाटतं लोकांना. माहेर कुठलं, कुठल्या आळीत राहता, सासरे कोण, घर देवळाच्या अलीकडे की पलीकडे, इथपासून सुरुवात होते. मग कळतं की समोरचीची मावशी माझ्या चुलत दिराच्या शेजारी राहते, आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं. तोवर चहा येऊन निवलेला असतो. अशा गावच्या बाईला वीस सेकंद देणं म्हणजे निव्वळ छळ आहे.

पण ते वीस सेकंद मला हवे होते. आमच्या घराच्या चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते आणि सोमवार ते शुक्रवार मी रिकाम्या खोल्यांतली धूळ झटकत फिरते. हे हेरून मुंबईच्या एका कंपनीनं अख्खं घर पाच वर्षांसाठी मागितलं होतं. पाटी त्यांची, पडदे त्यांचे, नोकर त्यांचे. आम्ही राहायचं कुठे, तर अलिबागला दिरांचा फ्लॅट रिकामा पडलाय, तिथे. तो तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. माझे सासरे माडावरून पडल्यापासून वॉकर घेऊन चालतात. त्यांना एकदा तिसऱ्या मजल्यावर चढवलं की ते खाली पुन्हा कधी उतरणार, हा प्रश्न घरात सगळ्यांना पडला होता आणि तोंडातून कुणीच काढत नव्हतं. नवऱ्यालाही ते नको होतं, पण तो थकला होता. "मधल्या वारांचं गिऱ्हाईक मिळव, मग मी त्यांना नाही म्हणतो," एवढंच तो म्हणाला. कंपनीचा माणूस सोमवारी सही घ्यायला येणार होता. त्याआधीच्या गुरुवारी अलिबागच्या एका हॉटेलात होमस्टेवाल्यांचा आणि सहली नेणाऱ्यांचा मेळावा होता.

मुलगी पुण्यात नोकरी करते. असल्या मेळाव्यांना तिचं कायम जाणं असतं. तिनं फोनवरून माझी शाळा घेतली. "आई, तिथे गर्दी असते, आवाज असतो, माणसं उभ्या उभ्या बोलतात. वीस सेकंदांच्या वर कुणी ऐकत नाही. वाक्यं पाठ करू नकोस. तीनच गोष्टी डोक्यात ठेव. काय करतेस, कुणासाठी करतेस आणि फक्त तुझ्याकडेच असलेली एक गोष्ट. मग समोरच्याला त्याच्या कामाबद्दल विचार आणि गप्प बस."

"गप्प बसू? मग मी जातेय कशाला?"

"ऐकायला. त्याला काय हवंय ते कळल्याशिवाय तू काय देणार?"

आता वाटतं, पोरगी शंभर टक्के बरोबर होती. तेव्हा मला नुसता राग आला. त्यातून 'फक्त तुझ्याकडेच असलेली एक गोष्ट' म्हटल्यावर मी अडकलेच. माड सगळ्यांकडे आहेत. समुद्र तर काय, कुणाच्या बापाचा नाही. सोलकढी प्रत्येक घरात होते. शेवटी मी वैतागून एक कागद घेतला आणि लिहून काढलं: 'निसर्गाच्या कुशीत, नारळी-पोफळीच्या सावलीत, समुद्रापासून अवघ्या चार मिनिटांवर, अस्सल कोकणी पाहुणचार देणारं आमचं हक्काचं घर. एकदा या, पुन्हा पुन्हा याल.' मुलीनं फोनवर घड्याळ लावलं. एकोणीस सेकंद.

"आई, हे सगळेच म्हणतात."

"म्हणू देत. माझं वेळेत बसतंय."

तीन दिवस भाजी चिरताना, पाणी भरताना, चादरी वाळत घालताना मी ते घोकलं. सासरे पडवीतून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी ते माझ्याआधी म्हणाले, "पुन्ना पुन्ना याल." मी त्यांच्यावरही खेकसले.

हॉलात पाऊल टाकलं आणि पहिल्याच मिनिटाला परत फिरावंसं वाटलं. कोपऱ्यात गाणी लावलेली, त्यामुळे जो तो ओरडून बोलत होता. माणसं गोल करून उभी, आणि प्रत्येक गोलाची पाठच आपल्याकडे. एका हातात चहा, दुसऱ्या हातात कार्डांचा गठ्ठा, मग नमस्कार करायचा कशानं? मी एका गोलाच्या कडेला जाऊन उभी राहिले. रेवदंड्याची एक बाई बोलत होती. "निसर्गाच्या कुशीत," ती म्हणाली. तिच्यानंतर मुरुडचा एक लॉजवाला. त्याच्याकडेही अस्सल कोकणी पाहुणचार होता. त्यानंतर माझी पाळी. मी काय करणार, माझ्याकडे दुसरं होतंच काय? मान वर केली आणि पंख्याकडे बघत घडाघडा म्हणून टाकलं.

एक मुंबईवाला "नाइस, नाइस" म्हणत माझ्या खांद्यावरून पलीकडे कुणालातरी शोधत होता. एका बाईनं कार्ड घेतलं आणि तिथल्या तिथे कपाखाली ठेवलं. दोन तासांत मी ते एकोणीस सेकंद तेरा-चौदा जणांना ऐकवले असतील. लोक हसून मान हलवायचे आणि पुढच्याकडे वळायचे. मला सगळ्यांचाच राग यायला लागला. त्या गाण्यांचा, त्या गुळगुळीत कार्डांचा, मुलीचा, नवऱ्याचा, कंपनीचा, आणि सगळ्यात जास्त माझा. असल्या वेळी मला रडू येतं आणि रडू आलं की आणखी राग येतो.

जेवणाच्या टेबलाशी चष्मा कपाळावर चढवलेले एक साठीचे गृहस्थ ताटलीत घावन वाढून घेत होते. शेजारी तीन-चार जण उभे होते. मी जवळ गेले, श्वास घेतला आणि सुरू केलं. "नमस्कार. निसर्गाच्या कुशीत, नारळी-पोफळीच्या सावलीत..."

ते शांतपणे ऐकत राहिले. मी 'हक्काचं घर'पर्यंत आले तेव्हा त्यांनी माझ्याबरोबर सूर लावला. "एकदा या, पुन्हा पुन्हा याल!"

बाजूचे सगळे खो खो हसले. "ताई, सकाळी चहाच्या वेळी सांगितलंत की मला," ते म्हणाले. "अगदी हेच. 'अवघ्या'वर थांबलातही तशाच."

मी त्यांना ओळखलंच नव्हतं. ओळखणार कशी? सकाळी मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं, पंख्याकडे बघितलं होतं. कान तापले माझे. शरमेपेक्षा संताप जास्त होता.

"हसा," मी म्हटलं. "पाठ केलंय, हो! तीन दिवस घोकलंय. मला नाही येत असलं बोलता."

बाकीचे चपापून ताटल्यांकडे वळले. त्या गृहस्थांचंही हसू मावळलं. "चुकलं माझं. आता पाठ नसलेलं सांगा. मंगळवारी-बुधवारी तुमच्या घरात काय चालू असतं?"

"काय असणार? सासरे वॉकर घेऊन पडवीतून खोल्यांत, खोल्यांतून पडवीत दहा फेऱ्या मारतात आणि मी मागून ओरडते, बाबा, हळू. त्यांच्यापायी घरात एक उंबरठा ठेवला नाही आम्ही. वॉकर अडकून दोनदा पडले, म्हणून सुतार बोलावून सगळे काढले. अंगणापासून न्हाणीघरापर्यंत सगळं सपाट. चारी खोल्यांच्या न्हाणीत धरायला दांडे लावलेत." मी दम घेतला. "आणि तुम्ही? तुम्ही कुणाला नेता सहलीला?"

हा प्रश्न मुलीनं शिकवला म्हणून नव्हे, चिडून आला होता. त्या दिवसात कुणाला विचारलेला माझा तो पहिला प्रश्न होता.

त्यांनी घावन खाली ठेवलं. "गुडघे गेलेल्यांना," ते म्हणाले. "पुण्याहून सात-आठ ज्येष्ठ मंडळी नेतो. गर्दी नको म्हणून मधल्या वारीच. फोनवर सगळे सांगतात, सगळ्या सोयी आहेत. जाऊन बघावं तर दारातच तीन पायऱ्या. कमोड आहे?"

"उंच आहे. दुसरा त्यांना चालतच नाही."

"सकाळी हे का नाही सांगितलंत?"

घराचे उंबरठे काढले तेव्हा भावकीतल्या बायका दारात उभ्या राहून हळहळल्या होत्या. उंबऱ्याशिवाय घर म्हणजे काय ते घर, हळदीकुंकू वाहायचं कुठे? ते ऐकून ऐकून मलाही ती घराची खोड वाटायला लागली होती. पाहुण्यांना दाखवायची गोष्ट ती नव्हतीच. उलट खोल्यांचे फोटो काढायचे तेव्हा मी वॉकर उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवायचे, आणि कधी कधी सासऱ्यांनाही तिकडेच बसवायचे.

शुक्रवारी सकाळी ते गृहस्थ पुण्याला परतण्याआधी घरी आले. चाकांची बॅग हातात धरून त्यांनी ती अंगणातून पडवीत, पडवीतून खोलीत, खोलीतून न्हाणीत ओढत नेली. कुठेच धक्का बसला नाही. मग ते दांड्याला लोंबकळून बघायला लागले तेव्हा माझ्या जिवाचं पाणी झालं, पण दांडा हलला नाही. सासरे हे सगळं बघत होते. पाहुणा खुर्चीत टेकल्याबरोबर त्यांनी आपली ओळख करून द्यायला सुरुवात केली. आळी, वाडी, चुलते, कुठला माड, कितव्या झावळीवरून पाय सुटला. पाऊण तास गेला. मी दोनदा खुणावलं, पण त्या गृहस्थांनी हातानंच मला थांबवलं.

पुढच्या महिन्यातले मंगळवार ते गुरुवार असे तीन दिवस त्यांनी चारही खोल्यांसाठी पक्के केले. पसंत पडलं तर दर महिन्याला येऊ म्हणाले. वर्षाचं काही वचन नव्हतं. तरी सोमवारी कंपनीचा माणूस आला तेव्हा नवऱ्यानं त्याला चहा दिला आणि सही न करता कागद परत दिले.

तो गेल्यावर मी पडवीत बसून तांदूळ निवडत होते. सासरे फेऱ्या संपवून समोर येऊन टेकले.

"काय गो, त्या पुण्यावाल्याला तू काय सांगितलंस? तां पाठ केलेला?"

"नाही बाबा. तुमचं सांगितलं. तुमच्यापायी घरात उंबरठा नाही, एवढंच."

उंबरठे काढल्यापासून या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. आज वॉकरच्या दांडीवर हात फिरवत म्हणाले,

"मग आता फोटू काढशील तवा मला मागच्या पडवीत नको धाडूस."

मी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं आणि मागच्या पडवीतली त्यांची खुर्ची पुढे आणून ठेवली.