कमी केलेला शेरा

आई गेली त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी तिच्या नावाचे सगळे कागद मार्गी लावले. गॅस, वीजमीटर, बँकेचं खातं आणि सर्वांत शेवटी कळवणजवळच्या जमिनीचा सातबारा. कागदावर चुकीचं काही राहिलेलं मला सहन होत नाही. तीस वर्षं एका कंपनीत हिशेब तपासले, तेव्हापासूनची ही सवय आहे.

जमीन वडिलांनी प्राथमिक शिक्षकाच्या पगारातून घेतली होती, दोन हेक्टर चाळीस आर, म्हणजे दोनशे चाळीस आर. ते गेले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो, धाकटा भाऊ अकराचा आणि ताईचं लग्न झालेलं. आई आणि आम्ही तिघं असे चार वारस लागले, प्रत्येकी साठ आर. आम्हा दोघा मुलांच्या नावापुढे तलाठ्याने 'अ.पा.क. आई' असा शेरा लिहिला. अज्ञान मुलाची पालनकर्ती आई, म्हणजे मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या वतीने व्यवहार आई बघणार. मी अठरा पूर्ण केल्यावर आईने स्वतः अर्ज देऊन माझा शेरा कमी करून घेतला. भावाचा मात्र तसाच राहिला. मला वाटलं, विसरली.

भावाला पहिल्यापासून समज कमी. दहाच्या दोन नोटा त्याला शंभराच्या एका नोटेपेक्षा जास्त वाटतात, कारण त्या दोन असतात. अंघोळ, जेवण, गाईला चारा, देवळात दिवा हे सगळं तो नीट करायचा. आईने दोन वर्षं पाटीवर गिरवून घेऊन त्याला सही शिकवली होती. "माझा पोरगा अंगठा लावणार नाही," असं ती येईल त्याला सांगायची. सही करताना तो जीभ दातांत धरतो, आणि झाली की समोरच्याच्या तोंडाकडे बघतो.

आईच्या साठ आरांचे तीन भाग झाले, प्रत्येकी वीस. आमचे तिघांचे ऐंशी-ऐंशी आर झाले. त्या वारसनोंदीच्या अर्जाबरोबर मी दुसरा अर्ज जोडला: सदर खातेदार सज्ञान झाले असल्याने अ.पा.क. शेरा कमी करावा, सोबत आधार कार्डाची प्रत. भाऊ तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसापुढे 'अज्ञान', आणि पालनकर्ती म्हणून मेलेल्या बाईचं नाव! मला ते बघवत नव्हतं. महिन्याभरात फेरफार मंजूर झाला. स्वच्छ सातबारा हातात घेऊन मी त्या दिवशी खूश होतो, हे लिहून ठेवायला हवं.

भावाला मी नाशिकला इंदिरानगरच्या घरी आणलं. माझी बायको त्याआधी दोन वर्षं वारली होती, मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघंच. जमीन आमचा चुलतभाऊ निम्म्या बटाईने करत होता. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तो भावाला आठ दिवस गावी घेऊन गेला. मला बरंच वाटलं. लग्नघर आहे, चार माणसांत राहील.

परत आला तो मनगटावर नवं घड्याळ घालून.

"कोणी दिलं रे?"

"अण्णाने." चुलतभावाला तो अण्णा म्हणतो. "मी सही केली, दादा. लय भारी आली. दोन सह्या. एकदम सरळ."

"कशावर?"

"कागदावर," तो म्हणाला आणि मीच वेडा असल्यासारखा हसला.

मी चुलतभावाला फोन लावला. त्याने लपवलं नाही. भावाच्या ऐंशी आरांचं साठेखत, म्हणजे पुढे जमीन विकण्याचा करार, केलं होतं, नोटरीसमोर. इसार म्हणून पंचवीस हजार दिल्याचं लिहिलं होतं. भावाच्या खिशात एक पाचशेची नोट निघाली.

"दादा, लुबाडलं म्हणू नको हां," तो म्हणाला. "भाव बाजाराचा लावलाय. बाकीचे पैसे खरेदीखताच्या वेळी. त्याला काय करायची जमीन? तू नाशकात, तो नाशकात. घाम मी गाळतो."

"त्याला काय कळतं सही केली ते?"

"आता नाय कळत होय? अरे, शेरा तूच काढला ना? सज्ञान झाला म्हणून तूच लिहून दिलं. इतके दिवस काकूचं नाव होतं तर आम्ही हात लावला का? आमची बिशाद नव्हती."

फोन ठेवल्यावर मी कपाटातून ती फाइल काढली. माझ्याच अक्षरात, माझीच सही. शेरा कायद्याने चुकीचा होता, त्यात शंका नाही. वय वाढलं होतं. पण तीसएक वर्षं त्या चुकीच्या शेऱ्यामुळे एकही गिऱ्हाईक त्याच्या वाट्याकडे फिरकलं नव्हतं. आई विसरली नव्हती. आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

गंगापूर रोडवरच्या वकीलबाईंनी फाइल चाळली आणि पहिला प्रश्न केला, "तुम्ही त्यांचे कोण?"

"सख्खा भाऊ."

"ते झालं हो. पालक म्हणून नेमणूक कुठंय?"

मी म्हटलं, तो माझ्याकडेच राहतो, त्याचं सगळं मीच बघतो.

"बघता ते चांगलंच आहे. पण अठरा वर्षं झाली की आईबापसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत. भाऊ तर नाहीच. उद्या तुम्ही त्यांच्या वतीने एक सही केलीत, तर ती आणि तुमच्या चुलतभावाचं साठेखत, दोन्ही कागद मला सारखेच."

हे शेवटचं वाक्य माझ्या जिव्हारी लागलं, कारण बँकेत तशा सह्या मी करत होतो.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. ज्याला व्यवहार समजत नाही त्याने केलेला करार कायद्यापुढे टिकत नाही. तशी नोटीस चुलतभावाला द्यायची आणि खरेदीखत नोंदवू नये म्हणून दुय्यम निबंधकाकडे अर्ज द्यायचा. पुरावा म्हणून आईने एसटीच्या सवलतीसाठी सिव्हिल हॉस्पिटलातून काढलेला दाखला होता. त्यावर बौद्धिक अपंगत्व, पंचाहत्तर टक्के. दुसरं, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्थानिक स्तर समितीकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करायचा. त्यासोबत ताईचं ना हरकत पत्र लावलं तर बरं.

ताईला फोन केला. तिला सगळं सांगितलं.

"मी तर आईच्या वेळीच म्हणत होते, तिघांचं विकून टाका," ती म्हणाली. "आता ह्याचा पालक तू. म्हणजे एकशेसाठ आर तुझ्या हातात."

"हातात नाही, ताई. विकायचं तर जिल्हा न्यायालयाची परवानगी काढावी लागेल. दरवर्षी हिशेब द्यायचा. चुकलो तर काढून टाकतात."

"तू चुकायचा नाहीस. शेरासुद्धा किती बरोबर काढलास."

ना हरकत पत्र तिने पाठवलं. त्यावर सहीशिवाय एक अक्षर जास्तीचं नव्हतं. त्यानंतर तिचा फोन आला नाही.

समितीसमोर आम्हाला बोलावलं त्या दिवशी भावाने इस्त्रीचा शर्ट घातला. टेबलापलीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या वतीने आलेले अधिकारी, एका संस्थेच्या बाई आणि कुबड्या भिंतीला टेकवून बसलेले एक गृहस्थ होते. बाईंनी भावाला जवळ बसवून गप्पा मारल्या. कोणाकडे राहतोस, जेवायला कोण देतं, मारतं का कोणी. त्याने माझ्या पोळ्या जाड होतात अशी तक्रार केली. जमिनीचं विचारलं तर म्हणाला, "जमीन आईची आहे."

कुबड्यांवाले गृहस्थ माझ्याशी बोलले.

"यांचं लग्न झालेलं नाही. यांच्यामागे हिस्सा कोणाला जाईल?"

"मला आणि बहिणीला. निम्मा-निम्मा."

"म्हणजे हे लवकर गेले तर तुमचा फायदा."

असं तोंडावर मला कोणी विचारलं नव्हतं. बाई जरा चुळबुळल्या.

"कागदावर, हो," मी म्हणालो.

"रागावू नका. माझाही हिस्सा माझ्या भावाकडेच होता," ते म्हणाले. होता, एवढंच. मला ते तिथले सर्वांत बरे गृहस्थ वाटले.

नेमणुकीचा आदेश दोन महिन्यांनी हातात आला. सहा महिन्यांच्या आत त्याच्या मालमत्तेची आणि देण्याची यादी द्यायची होती. मी बसून लिहिली: ऐंशी आर, बँकेतली शिल्लक, आईने त्याच्यासाठी ठेवलेली सोन्याची दोन पिंपळपानं, एक घड्याळ. भाऊ शेजारी येऊन बसला आणि पेन मागू लागला. मी म्हटलं, इथं तुझी सही लागत नाही. त्याला ते पटलं नाही. "मला येते," तो दोनदा म्हणाला. मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. आईने दोन वर्षं खपून शिकवलेली गोष्ट मी आदेश काढून बंद केली होती.

चुलतभावाने साठेखताचा मूळ कागद कळवणच्या स्टँडवर माझ्या हातात दिला. त्याच्याही वकिलाने त्याला तेच सांगितलं असावं. मी पाचशे रुपये पुढे केले आणि पिशवीतून भावाचं घड्याळ काढू लागलो, तर म्हणाला, "राहू दे ते. लग्नात दिलंय त्याला." जाताना म्हणाला, "पुढच्या सालापासून जमीन दुसऱ्याला दे कसायला. आणि दादा, बोलावणं नाही आलं तर वाईट वाटून घेऊ नको." बोलावणं येत नाही. तिथे चार कार्यं झाली, ती दुसऱ्यांकडून कळली.

आता शेजारच्या गावचा एक माणूस वर्षाला ठरलेला रोख खंड देऊन जमीन करतो. भावाच्या वाट्याचा खंड त्याच्याच खात्यात जातो. आदेशाची प्रत लावून मी तलाठी कार्यालयात अर्ज केला. सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे पुन्हा शेरा आला आहे. आईच्या जागी माझं नाव आहे.

मार्चअखेरीनंतर तीन महिन्यांत वर्षाचा हिशेब समितीला द्यावा लागतो. मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच देतो. त्याची एक प्रत ताईला पाठवतो. कायद्याने ती पाठवावी लागत नाही. पण 'हे लवकर गेले तर तुमचा फायदा' हे ज्याच्याबद्दल खरं आहे, त्याचा हिशेब घरातल्या कोणीतरी बघितलेला बरा. शिवाय मी चौपन्नचा आहे, भाऊ पन्नासचा. मी आधी गेलो तर दुसरा पालक नेमावा लागेल. ते नाव मला एकच सुचतं. म्हणून प्रतीवर वरच्या बाजूला दरवर्षी एक ओळ लिहितो: माझ्यानंतर तू बघशील का, कळव.

उत्तर आलेलं नाही. स्पीड पोस्टाच्या पोचपावतीचं कार्ड मात्र परत येतं. यंदाचं आलं तेव्हा दार भावाने उघडलं. कार्ड उलटसुलट करून त्याने डोळ्यांजवळ नेलं.

"ताईची सही," तो म्हणाला. "वाकडी आलीय."

मी कार्ड घेतलं. सही खरंच वाकडी होती. ताई आता सत्तावन्नची आहे. मी ते आधीच्या दोन कार्डांबरोबर फाइलला लावलं. भाऊ अजून दारातच उभा होता. मी त्याला हिशेबाचा कच्चा कागद आणि पेन दिलं, आणि त्याची सही होईपर्यंत पोळ्यांची कणीक मळायला घेतली नाही.