दोन्ही गोळ्या एकच होत्या

एका माणसाने मला सरळ प्रश्न विचारला होता आणि मी त्याला खोटं उत्तर दिलं. हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

कोल्हापुरात, राजारामपुरीत माझं औषधांचं दुकान आहे. राधानगरीकडचे एक मामा दर महिन्याला एसटीने यायचे. साखरेच्या आजाराची गोळी न्यायचे. खासगी डॉक्टरांनी नामांकित कंपनीची लिहून दिलेली, तीच मी तीन वर्षं देत होतो. चिठ्ठीवरचं नाव दुकानदाराने परस्पर बदलायचं नसतं, हे खरं. पण त्याच औषधाची स्वस्त गोळी आपल्याकडे आहे, डॉक्टरांना विचारून बघा, एवढं सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं. महाग गोळी खपत होती. मी तीच काढून देत राहिलो.

एकदा ते सरकारी दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आले. तिच्यावर कंपनीचं नाव नव्हतं, नुसतं औषधाचं होतं, जुन्या गोळीतलंच: ग्लिमेपिराइड, दोन मिलिग्रॅम, सकाळी एक. मामांना आठवड्यापुरत्याच हव्या होत्या. मी जेनेरिकच्या, म्हणजे त्याच औषधाच्या स्वस्त गोळीच्या, दहाच्या पाकिटातून सात गोळ्यांचा तुकडा कात्रीने कापला. आम्ही सगळेच असं कापून देतो. पत्र्यावरचं नाव उरलेल्या तीन गोळ्यांकडे राहिलं.

मामांनी तुकडा उलटापालटा केला.

"मालक, घरात जुनी गोळी हाय की अजून. ती आन ही एकच का?"

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. 'एकच' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग तीन वर्षं महागातली का दिलीस? मी म्हणालो, "वेगळी हाय मामा."

"मग दोनी घ्यायच्या?"

"डॉक्टरांनी दिल्यात त्या सगळ्या घ्यायच्या."

"बरं झालं इचारलं," म्हणाले आणि निघाले.

सहाव्या दिवशी सकाळी धार काढताना ते गोठ्यात कोसळले. अंग घामानं भिजलेलं, दातखीळ बसलेली. ताप भरला असेल म्हणून घरच्यांनी अंगावर घोंगडं घातलं. कोल्हापूरला आणेपर्यंत फार वेळ गेला होता. रक्तातली साखर पार तळाला गेली होती. त्यांना पुन्हा शुद्ध आली नाही.

दिवसकार्य झाल्यावर त्यांची मुलगी दुकानात आली. कसबा बावड्यात राहते. तिनं पिशवी काउंटरवर उलटी केली. माझ्या तुकड्यातल्या सहा गोळ्या संपलेल्या, जुन्या पाकिटातल्याही संपलेल्या. एका नजरेत मला कळलं. दोन मिलिग्रॅमच्या जागी चार, तेही सकाळी धारेआधी, पोटात अन्न जेमतेम असताना. दवाखान्यात तिनं फक्त नवी गोळी दाखवली होती.

"दादा, ह्या हलक्या गोळीनं माझ्या बाला मारलं. जुनीवर तीन वर्सं काय झालं न्हवतं."

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी म्हणालो, "स्वस्तातलं असतंय ताई. काय सांगावं."

तिनं तक्रार केली. औषध निरीक्षक आले, माझ्या ड्रॉवरमधून त्याच बॅचचा नमुना घेतला, माझ्यासमोर वाटे करून सील केले, एक वाटा माझ्याकडे ठेवला. काही आठवड्यांनी अहवालाची प्रत आली. औषध जेवढं हवं तेवढंच, ठरल्या वेळात विरघळतं, नमुना प्रमाणित. गोळी बरोबर आहे, एवढंच त्या कागदाला सांगता येत होतं. ती कुणी, कशाबरोबर, किती घेतली हे प्रयोगशाळेला कुठून कळणार? ते फक्त मला ठाऊक होतं.

मुलगी विचारायला आली. "काय आलं वो?"

"पास झाली म्हणं."

"व्हय की! पास करणारीबी तुमच्यागतच दुकान मांडून बसल्याली असत्याल."

तिच्या मागे उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं. मी तो कागद तिला दाखवला नाही.

आता तिची आई येते. त्या मावशींना रक्तदाबाचा त्रास आहे. सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालेल्या गोळ्या त्यांनी उकिरड्यावर टाकल्या. माझ्याकडून कंपनीची गोळी नेतात आणि तीस गोळ्या दोन महिने पुरवतात. "एक दिस आड घेती," म्हणाल्या. "थोडी घ्यावी, पण चांगली घ्यावी." परवा त्यांचा डावा हात बधिर झाला होता, तासाभरानं आपोआप सुटला; लकव्याआधीची ती खूण असते. मी लगेच डॉक्टरांकडे जायला सांगितलं, रोज गोळी घ्या असंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "रोज ही परवडत न्हाय, आन त्या दुसऱ्या गोळीला मी हात लावायची न्हाय."

ती भीती त्यांच्या मनात माझ्या गप्प बसण्यानं घातली आहे. त्या दोघींच्या समोर बसून, अहवाल हातात देऊन मला सांगायचं आहे की गोळीत खोट नव्हती, दोन्ही एकच होत्या, मामांनी विचारलं होतं आणि मी खोटं बोललो. हे मी अजून सांगितलेलं नाही.