तिसरी सीट

लग्नपत्रिकेवर 'सायंकाळी सहा' छापलेलं असेल तर आमचे महेंद्र भावोजी पावणेसहाला हॉलमध्ये जाऊन बसतात. मांडववाले तेव्हा खुर्च्या उतरवत असतात. भावोजी त्यातलीच एक ओढून घेतात आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे, तो उशिरा आला असल्यासारखं बघतात. नवरामुलगासुद्धा त्यातून सुटत नाही.

ते माझे थोरले दीर. अंबरनाथच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघायचे. कुठली गाडी कधी भरायची, कधी सोडायची, सगळं त्यांच्याकडे. रिटायर झाले, ट्रक गेले, पण सोडायची सवय काही गेली नाही. मग ते घरातल्या माणसांना वेळेवर सोडायला लागले. त्यामुळे तीन गावांच्या विहारांनी मिळून भीमगीतांचा दोन दिवसांचा जलसा करायचं ठरवलं तेव्हा वेळापत्रक कोणी करायचं यावर चर्चाच झाली नाही.

कल्पना छान होती. प्रत्येक गावाची मंडळी आपल्याच विहारात गाणार आणि ऐकणाऱ्यांनी गावोगाव फिरायचं. शनिवारी दुपारी दोनला उल्हासनगर कॅम्प चार, चारला अंबरनाथ, सहाला बदलापूर गाव. बदलापूरची सुरुवात सुंदराबाई मावशी करणार होती.

मावशी म्हणजे भावोजींच्या आईची धाकटी बहीण. माहेर कॅम्प चारचं, सासर बदलापूर गावातलं. जन्मभर गायली ती कोरसमध्ये, दुसऱ्याच्या पाठीमागे उभी राहून. आता दमा जडलाय, एका संध्याकाळपुरता श्वास कसाबसा साठवते. तिला एकदाच पुढे बसून गायचं होतं, तेही माहेरच्या माणसांसमोर. "कॅम्पातली येतील ना रे?" हे तिने भावोजींना इतक्यांदा विचारलं की शेवटी ते वैतागले.

अंबरनाथचा कार्यक्रम सव्वापाचला संपणार आणि बदलापूरचा सहाला सुरू होणार. मधल्या पाऊण तासाबद्दल माझ्या नवऱ्याने, प्रमोदने, तोंड उघडून बघितलं. "दादा, पब्लिक हाय, जरा मार्जिन ठेव."

"मी स्वतः जाऊन आलोय," भावोजी म्हणाले. "हॉलमधून निघालो, चालत स्टेशन, लगेच गाडी मिळाली. बदलापूरला उतरलो तर शेअर रिक्षा उभीच होती. अर्धा तास पुरला. पंधरा मिनिटं जास्तच दिलीत."

ते खरंच जाऊन आले होते. एका मंगळवारी भरदुपारी, एकटे. शेअर रिक्षा तीन माणसं झाली की निघते. दोघं आधीच बसलेली होती, तिसरी सीट यांना मिळाली आणि रिक्षा सुटली. थांबणं म्हणून काही असतं हे त्या दिवशी त्यांना कळलंच नाही.

शनिवारी अंबरनाथला शेवटचं गाणं संपलं आणि दीड-दोनशे माणसं एकाच दाराने बाहेर पडायला लागली. कोणी चपला शोधतंय, कोणी बाथरूमच्या रांगेत, म्हाताऱ्या एकमेकींना धरून. स्टेशनला पोहोचलो तर समोरून गाडी गेली. पुढच्या गाडीने बदलापूरला उतरलो, पूल चढलो-उतरलो, तर स्टँडवर चारच रिक्षा. बारा माणसं गेली. बाकीची आम्ही त्या रिक्षा परत यायची वाट बघत उभी. शनिवारचा बाजार, गावाकडचा रस्ता तुंबलेला. माझ्या पुढे कॅम्प चारचे हरिचंद्रकाका होते, मावशीसोबत लहानपणी खेळलेले. ते काठी टेकून उभे राहिले.

मी भावोजींना फोन लावला. ते सरळ गावात गेले होते, स्कूटरवरून.

"भावोजी, इथे लाईन लागलीय, रिक्षाच नाहीत. थोडं थांबवा."

"शीला, वेळ म्हणजे वेळ. आपल्या लोकांना शिस्त कोणीतरी लावलीच पाहिजे."

आणि त्यांच्या मागून मावशीचा आवाज आला. गाणं सुरू झालं होतं. भावोजी फोन ठेवायचा विसरले, आणि मी त्या स्टँडवर फोन हरिचंद्रकाकांच्या कानाला लावला. हॉर्न वाजत होते. काका म्हणाले, "सुंदरीच हाय ना ही?" मला तेव्हा भावोजींचा इतका राग आला की ते समोर असते तर मी दीर वगैरे काही बघितलं नसतं.

शेवटी म्हाताऱ्यांना रिक्षात बसवून बाकीची आम्ही चालतच निघालो. पोहोचलो तेव्हा मावशी नव्हती, दम लागला म्हणून तिला घरी नेलं होतं. तिने गायलं ते रिकाम्या खुर्च्यांसमोर. आधीच्या रिक्षांनी पोहोचलेली दहा-बारा टाळकी आणि गल्लीतल्या बायका, एवढेच श्रोते. त्यात भावोजींनी माइकवर सांगितलं होतं, "ज्यांना वेळेची किंमत आहे ते हजर आहेत." आता दारातून दोनशे माणसं आत येत होती आणि भावोजी त्यांच्याकडे बघत होते. घामाने भिजलेली, पोरं कडेवर घेतलेली, धापा टाकणारी माणसं. त्यातला एकही रेंगाळत आलेला दिसत नव्हता. भावोजींचे कान लाल झाले. त्यांनी माइक खाली ठेवला आणि नंतर संध्याकाळभर हातात घेतला नाही.

रविवारी सकाळी ते आमच्या दारात आले. "शीला, मावशीकडे चल माझ्यासोबत. मला एकट्याला जमायचं नाही." जन्मात पहिल्यांदा त्यांना काहीतरी जमत नव्हतं. मी गेले.

मावशीने चहा ठेवला. आवाज बसला होता, बोलताना फुसफुस यायची. "कॅम्पातली आली नाहीत रे," ती म्हणाली. "मला वाटलं, विसरली मला. एवढी वर्सं झाली, विसरतातच."

"आली होती मावशी," भावोजी म्हणाले. "रस्त्यात होती. मी त्यांना पोहोचायला वेळच ठेवला नव्हता. चूक माझी आहे."

"तुला ठाऊक होतं, ती रस्त्यात हायेत?" मावशीने विचारलं.

"शीलाने फोन केला होता."

"मग थांबला का नाहीस?"

तिने रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरंच कळत नव्हतं. माझा कालचा राग तिथल्या तिथे विरघळला आणि मलाच भावोजींकडे बघायची लाज वाटायला लागली.

रविवारचं वेळापत्रक त्यांनी सकाळीच मोडलं. दोन गावांमध्ये दीड तास ठेवला. पोहोचलेल्यांना आधी चहा, मग पोरांची गाणी, आणि मुख्य गायक सगळे टेकल्यावर. बदलापूर स्टँडवर जाऊन रिक्षावाल्यांना जास्त गाड्या लावायला सांगून आले. आणि दुपारी दोनला, कॅम्प चारच्या विहारात, पहिलं नाव मावशीचं घातलं. तिथे लोक घरून थेट येणार होते, आधीचा कुठला कार्यक्रम आड येणार नव्हता. मावशीला रिक्षा करून आणली. भावोजींनी माइकवर फक्त एवढंच सांगितलं, की काल उशीर लोकांनी केला नव्हता, वेळापत्रक चुकीचं होतं आणि ते मी केलं होतं. कोणी हसलं नाही, त्यामुळे ते आणखीच अवघडले.

मावशी पुढे बसली. हरिचंद्रकाका पहिल्या रांगेत होते. दोन वाजून गेले होते. मावशीने हार्मोनियमवाल्याला हाताने थांबवलं आणि हॉलभर बघितलं.

"महेंदर," ती म्हणाली, "सगळी आली का बघ रे. मग सुरू करते."

भावोजी दाराशी गेले. गल्लीतून दोन म्हाताऱ्या हळूहळू येत होत्या. भावोजींनी आत हात केला, थांब म्हणून, आणि त्या चपला काढून आत बसेपर्यंत तो हात तसाच वर होता.

मग मावशी गायली. दुसऱ्या कडव्याला श्वास तुटला, तो परत जुळला नाही. पुढचं कोरसच्या मुलींनी उचललं आणि ती ओठ हलवत त्यांच्यासोबत राहिली. आदल्या संध्याकाळी होता तो आवाज संपला होता.

भावोजी दारातच उभे होते. मी खुणेने आत बोलावलं, खुर्ची होती. ते आले नाहीत. मी जवळ गेले.

"अजून कोणी येत असेल, शीला," ते म्हणाले.

मी बाहेर बघितलं. गल्लीत कोणी नव्हतं.