माळ्यावरचा नवा टायर

आमच्या टेंपोचा पुढचा टायर गेला, तेव्हा मी माळ्यावरचा नवा काढला. ह्यांनी तो घेऊन गोणपाटात बांधून ठेवला होता. स्वतः ठिगळं लावलेल्या टायरांवर कर्जत-खालापूर करायचे. मी म्हणायचे, नवा बसवा. "राहू दे गं, आपण दोघं लांब कुठं जाऊ तेव्हा बसवू." दर दसऱ्याला टेंपोबरोबर त्यालाही हळदकुंकू लागायचं. हे गेल्यावर मी लावत राहिले.

दहिवलीच्या टायरवाल्याने कडेवरचं कुंकू पुसलं आणि लंबगोलातले चार आकडे दाखवले: २३१२.

"वहिनी, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. दोन हजार बाराचा तेविसावा आठवडा. हा मी बसवणार नाय."

"एक दिवस वापरला नाही! नव्या टायरवरचे हे रबराचे केससुद्धा शाबूत आहेत, दिसत नाहीत का?" मी दुकानात ओरडलेच.

तो चिडला नाही. त्याने कडेचं रबर अंगठ्यांनी दाबून वाकवलं. बारीक भेगा उघडल्या. माळ्यावर पत्र्याखालच्या उकाड्यानं रबर कडक होत गेलेलं. भरधाव गाडीत टायरचा वरचा पट्टा सुटला तर टेंपो आवरत नाही, म्हणाला. "आणि भेग दिसली नसती तरी एवढा जुना मी बसवला नसता."

दुसऱ्या कुणी उचलून बसवू नये म्हणून टायर कापूनच टाकायला हवा, म्हणाला. मी मान डोलावली.

सुरी आत गेली आणि ह्यांनी तो आणला त्या दिवशीचा वास दुकानभर पसरला.