पॉइंट पाच मोठा की पॉइंट पंचेचाळीस

ये गं, अशी जवळ बस. उभ्या उभ्या येतेस नि निघतेस, ही काय रीत झाली? आज ऐकून जा. त्या आठवड्यात मी किती घाबरले होते, ते तुला अजून सांगितलेलंच नाही.

आमच्या पडवीत चार पोरं अभ्यासाला बसतात, तुला ठाऊकच आहे. मी स्वतः सातवी शिकलेली, बाकीचं पोरांच्याच पुस्तकांतून. शेजारची पाचवीतली पोर, बाप तिचा कुवेतला, तिची स्कॉलरशिपची परीक्षा तीन दिवसांवर. सराव पेपर घेऊन आली. दशांश संख्या चढत्या क्रमाने लावायच्या होत्या. तिनं लिहिलं: ०.५, ०.४५, ०.४०५. वर बाईंची लाल फुली.

म्हटलं, "हे काय केलंस?"

"आजी, तुम्हीच तर सांगितलं होतं. ज्या संख्येत अंक जास्त ती मोठी. पाच, पंचेचाळीस, चारशे पाच."

मी सांगितलं होतंच. ती तिसरीत असताना, साध्या संख्यांसाठी. तिथं ते खरंच असतं. पण पॉइंट आला की चालत नाही, हे मी कधी बोललेच नव्हते. किती पोरांच्या डोक्यात मी हे भरून ठेवलं असेल?

शिवणाची टेप काढली. "पॉइंट पाच म्हणजे अर्धा मीटर, कुठं? पन्नास सेंटीमीटरवर. पॉइंट पंचेचाळीस? पंचेचाळीसवर. आणि चारशे पाच म्हणतेस ते?"

तिनं बोट सरकवत नेलं. "साडेचाळीसवर! म्हणजे सगळ्यात लहान?"

मला हायसं वाटलं. सहज विचारलं, "मग पॉइंट तीन मोठा की पॉइंट पंचेचाळीस?"

"पॉइंट तीन," ती पटकन म्हणाली. "अंक कमी, म्हणजे मोठा. टेपनंच सांगितलं की!"

बघ आता, एक चूक काढायला गेले नि उलटी चूक भरून बसले.

मग टेप बाजूला ठेवली. पाटीवर एकाखाली एक लिहिलं, पॉइंटखाली पॉइंट. रिकाम्या जागी शून्यं भरली: ०.५००, ०.४५०, ०.४०५, ०.३००. "लांबी बघूच नको. पॉइंटनंतरचं पहिलं घर बघ. तिथं अंक सारखे असले तरच दुसरं."

ती पाटीवर बोट फिरवत म्हणाली, "पाच, चार, चार, तीन. दोन चारांत पुढं पाच आणि शून्य. म्हणजे चढत्या क्रमात तीन, चारशे पाच, पंचेचाळीस, पाच." आणि लगेच मला टोमणा, "आजी, आधीच असं सांगायचं ना!"

परीक्षेला जाताना विचारायला आली, "पहिलं घर, हो ना?" मी मान डोलावली. पेपरात तसलाच प्रश्न आला, तिनं बरोबर केला म्हणे.

पण तिच्याआधीची पोरं सहावी-सातवीत गेलीत गं. त्यांना कोण सांगणार? घरोघरी जाऊन मी चुकले म्हणायला मला एकटीला धीर होत नाही. तू शाळेत शिकवतेस. रविवारी ये, दोघी मिळून बोलावू त्यांना. लवकर ये हो.