शेवटपर्यंत जपलेलं पान

फ्रान्समध्ये लेकीच्या सासरी जेवणानंतर पत्त्यांचा डाव मांडतात. त्यात एकवीस चित्रांची पानं कायमची हुकूम असतात. शिवाय एक विदूषक असतो. तो टाकला की हात दुसऱ्याचा होतो, पण विदूषक आपल्याकडेच राहतो. विदूषक धरून तीन पानं मोठी; बोली लावणाऱ्याकडे ती जितकी जास्त, तितके कमी गुण त्याला जिंकायला पुरतात.

बाहेर बर्फ पडत होता. अर्धवट झोपेत असल्यासारखा मी खेळत होतो. त्या घरात लेकीने पहिल्यांदाच बोली लावली, तीही दुप्पट गुणांची, आणि एक राजा मागितला. तो माझ्याकडे निघाला, म्हणून मी तिचा भिडू झालो. विदूषकही माझ्याकडेच होता. मलकापूरला घरी खेळताना भारी पान शेवटासाठी राखायचो, त्या सवयीने मी तो शेवटपर्यंत जपला.

शेवटच्या हातात टाकताच तिच्या सासऱ्यांनी तो हळूच आपल्याकडे ओढला. शेवटी टाकलेला विदूषक समोरच्यांचा होतो! आमच्याकडे एकच मोठं पान उरलं. एक्केचाळीस गुणांऐवजी आता एक्कावन्न हवे होते. आमचे पंचेचाळीस भरले. सहा कमी, अधिक ठरलेले पंचवीस, त्याची दुप्पट बासष्ट. माझ्या नावावर उणे बासष्ट लागले आणि लेकीच्या नावावर उणे एकशे चोवीस, कारण बोली लावणाऱ्याला दुहेरी भार.

"चूक माझी आहे. त्यांना सांग, मोठा आकडा माझ्या नावावर लिहा," मी म्हणालो.

"नाही बाबा, बोली माही होती," ती हसली. "अन् विदूषकाचा नियम तुमाले सांगाचा मीच विसरली. वाटा पत्ते."

 मी पत्ते पिसत राहिलो.